आयएस दोन राज्यांची, एलएम मुंबईची

निपाणीत दोन हजार, कागलमध्ये दीड हजार. मधे कोगनोळीचा टोलनाका. अलीकडे कर्नाटकची गृहलक्ष्मी, पलीकडे महाराष्ट्राची लाडकी बहीण. वीसेक किलोमीटरच्या अंतरात बाईचा सरकारी दर्जा बदलतो आणि महिन्याला पाचशे रुपयांचा फरक पडतो. साठ-सत्तर वर्षं आपण हा सीमाप्रश्न भाषेचा म्हणून लढवला. महाजन अहवाल झाला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. व्याजदराच्या बाजूनं या प्रश्नाकडे कुणी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, कारण तिथे सीमा नाहीच.

या गावांकडे दोन राज्यांचे नेते अधूनमधून येतात आणि प्रत्येक जण सांगतो की बाजारात जे काही हललंय ते आमच्यामुळे. बेंगळुरूचे म्हणतात गॅरंटीमुळे, मुंबईचे म्हणतात बहिणींमुळे, दिल्लीचे म्हणतात जीएसटी कमी केल्यामुळे आणि व्याज उतरल्यामुळे. श्रेयाची ही भाऊबंदकी सोडवायला अर्थशास्त्रात एक जुनं हत्यार आहे. १९३७ साली जॉन हिक्स नावाच्या इंग्रज गृहस्थानं केन्सचा अवघड ग्रंथ दोन रेषांत बसवला. बी.कॉम.च्या पोरांना तो आयएस-एलएम म्हणून छळतो. म्हातारपणी हिक्सनं स्वतःच सांगून टाकलं की हे वर्गात शिकवण्यापुरतं खेळणं आहे, पुढं काही बरं सापडेपर्यंत. पुढाऱ्यांची भाषणं तपासायला एवढं खेळणं पुरेसं आहे.

पहिली रेषा वस्तूंच्या बाजाराची, आयएस. व्याज उतरलं की उद्यमबागेतला फाउंड्रीवाला नवीन भट्टीचं कर्ज काढतो, भट्टी बसवणाऱ्याला मजुरी मिळते, तो घरी किराणा भरतो, किराणावाल्याचं उत्पन्न वाढतं. म्हणून व्याज कमी तर उत्पन्न जास्त. रेषा डावीकडून उजवीकडे उतरती. या रेषेवरच्या प्रत्येक ठिकाणी जेवढा माल तयार होतो तेवढाच विकला जातो.

दुसरी पैशाच्या बाजाराची, एलएम. उत्पन्न वाढलं की व्यवहाराला जास्त पैसा लागतो. पण बाजारात पैसा ठरलेलाच आहे. मग काही लोकांनी आपल्याकडचा बिनकामाचा पैसा बाहेर काढला पाहिजे, आणि ते फुकट काढत नाहीत, व्याज चढलं तर काढतात. म्हणून उत्पन्न जास्त तर व्याज जास्त. रेषा चढती. या रेषेवर लोकांना जेवढा पैसा जवळ ठेवायचाय तेवढाच अस्तित्वात आहे.

दोन्ही रेषा छेदतात त्या एकाच जागी दुकानदार आणि बँकवाला दोघेही एकाच वेळी स्वस्थ असतात. बाकी कुठेही एकाची कुरकुर चालूच.

आकडे घालून बघू. आकडे माझे, काल्पनिक, सोयीचे. समजा एका मुलखात लोक हातात आलेल्या रुपयातले ७५ पैसे खर्च करतात. उत्पन्न काही असो, घरखर्च, गुंतवणूक आणि सरकारी खर्च मिळून ४५० कोटींची खरेदी ठरलेली आहे. व्याज एक टक्का चढलं की गुंतवणूक १० कोटींनी आटते. रुपयातले ७५ पैसे पुन्हा पुन्हा फिरतात म्हणून प्रत्येक बदलाची शेवटी चौपट होते. ही झाली आयएस:

Y = 1800 − 40r

पैशाच्या बाजूला एकूण पैसा ३०० कोटी. उत्पन्नाच्या एक चतुर्थांश एवढा पैसा लोकांना व्यवहाराला लागतो, आणि व्याज एक टक्का चढलं की १० कोटींनी कमी लागतो. त्याची एलएम:

Y = 1200 + 40r

दोन्ही एकत्र सोडवा. व्याज साडेसात टक्के, उत्पन्न १५०० कोटी. पडताळा घ्या: १५०० चा चौथा भाग ३७५, त्यातून ७५ वजा, राहिले ३००. पैसा तेवढाच आहे.

आता कुणी म्हणालं, साडेसात कशाला, पाच टक्के करा की! पाच टक्क्यांना मालाच्या बाजारात उत्पन्न १६०० पर्यंत जायला बघेल. पण १६०० च्या व्यवहाराला त्या व्याजावर ३५० कोटी पैसा लागेल, आणि आहे ३००. मग लोक ठेवी मोडतील, रोखे विकायला काढतील, आणि त्या ओढाताणीत व्याज पुन्हा वर चढेल. मंत्र्याच्या इच्छेनं एक रेषा हलत नाही आणि दोन्ही तर नाहीच नाही.

आता गृहलक्ष्मीला बोलावू. ही योजना ३० ऑगस्ट २०२३ ला म्हैसूरमध्ये सुरू झाली आणि तिचं खातं आपल्याच बेळगाव ग्रामीणच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याकडे. तेव्हा दोन हजारांत बेळगावचा वाटा निदान भाषणांत तरी आहे. आपल्या काल्पनिक मुलखात समजा सरकारनं २० कोटींचा जास्तीचा खर्च केला आणि तो सगळाच्या सगळा पहिल्या फेरीत बाजारात उतरला. आयएस ८० नं उजवीकडे सरकते. पण उत्पन्न ८० नं वाढत नाही. नवी गाठ पडते १५४० वर, व्याज साडेआठ टक्के. ८० पैकी ४० चढलेल्या व्याजानं गिळले. फाउंड्रीवाल्यानं भट्टी पुढच्या वर्षावर ढकलली, आणि त्याचं खापर गृहलक्ष्मीवर फुटलं नाही, कारण न बसलेल्या भट्टीचा फोटो छापत नाहीत.

आता सरकारनं काहीच केलं नाही आणि रिझर्व्ह बँकेनं पैसा ३०० चा ३२० कोटी केला असं धरा. आता एलएम उजवीकडे सरकते. गाठ पडते कुठे? उत्पन्न पुन्हा १५४०. व्याज मात्र साडेसहा.

इथं थोडं थांबा, कारण सगळं भांडण याच ठिकाणी आहे. दोन्ही वेळा उत्पन्न १५४०. खडेबाजारात गर्दी तेवढीच, दुकानदाराचा गल्ला तेवढाच. नुसत्या गल्ल्याकडे बघून गर्दी बेंगळुरूनं केली की रिझर्व्ह बँकेनं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. व्याज बघावं लागतं. उत्पन्न आणि व्याज बरोबर चढले तर आयएस हलली. उत्पन्न चढलं आणि व्याज उतरलं तर एलएम हलली. एवढी एक खूणगाठ बांधली की निम्मी भाषणं ऐकायची गरज उरत नाही.

या खुणेवर एक जुनी केस घासून बघू, निपाणीच्या जिव्हारी लागलेली. ८ नोव्हेंबर २०१६. रात्री आठ वाजता पाचशे आणि हजारच्या नोटा गेल्या, म्हणजे चलनातली ८६ टक्के रक्कम. पाठ्यपुस्तकवाला विद्यार्थी हात वर करून सांगेल: पैसा घटला, एलएम डावीकडे, व्याज चढणार. तंबाखू आणि बिडीच्या गावात, जिथं मजुरी रोखीत मोजून हातावर ठेवायची रीत, तिथं त्याला कुणी खोडून काढलं नसतं. पण झालं उलटं. बँकांतलं व्याज उतरलं. १ जानेवारी २०१७ ला स्टेट बँकेनं कर्जाचा मूळ दर एका फटक्यात ०.९० टक्क्यांनी खाली आणला.

कारण नोटा नाहीशा झाल्या नव्हत्या, त्या गाद्यांखालून खात्यांत गेल्या होत्या. अखेर ९९ टक्क्यांहून जास्त परत आल्या. बँकांकडे ठेवींचा एवढा ढीग साचला की तो शोषून घ्यायला रिझर्व्ह बँकेनं २६ नोव्हेंबरला एक विलक्षण हुकूम काढला: १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबरच्या काळात वाढलेल्या ठेवींची शंभर टक्के रक्कम आमच्याकडे आणून ठेवा. तरीही व्याज दबलेलंच. आणि बाजारात? मालाला गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाइकाकडे सुटे नाहीत. उत्पन्न आटलं आणि व्याजही उतरलं. आपली खूण काय सांगते? दोन्ही एकाच दिशेला गेले की आयएस. नोटाबंदीचा मुख्य घाव पैशाच्या बाजारावर पडला असं दिसत होतं, पण तो जाऊन बसला वस्तूंच्या बाजारावर. ज्याच्याकडे पैसा आहे पण नोट नाही, तो अर्थशास्त्राच्या भाषेत श्रीमंत आणि किराण्याच्या दुकानात भिकारी.

म्हणजे खूण काम करते. अडचण आता येते, आणि ती खास आपल्या भागाची आहे. निपाणीला स्वतःचा व्याजदर नाही. कर्नाटकलाही नाही, महाराष्ट्रालाही नाही. दोघांकडे नोटा छापायचा अधिकार नाही. दोघेही कर्ज काढायचं तर रिझर्व्ह बँकेच्या लिलावात राज्याचे रोखे विकायला येतात, आणि किती काढायचं याला केंद्राचं कुंपण असतं. मुंबईत मिंट स्ट्रीटवरच्या इमारतीत रेपो दर ठरतो आणि तोच कागलला, तोच निपाणीला, तोच खानापूरला. एलएमला सीमाभाग ठाऊक नाही. भाषावार प्रांतरचना तिच्यापर्यंत पोचलेली नाही.

शिवाय आजकाल रिझर्व्ह बँक पैसा मोजून ओतत नाही. ती दर ठरवते आणि त्या दरावर बाजाराला लागेल तेवढा पैसा पुरवते किंवा शोषते. म्हणजे चढती एलएम कागदावरच राहिली, प्रत्यक्षात ती जवळजवळ आडवी झाली. आपल्या पाटीवर परत या. व्याज साडेसातलाच धरून ठेवायचं ठरलं तर सरकारच्या २० कोटींनी उत्पन्न १५८० पर्यंत जातं, आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेला पैसा निमूटपणे ३०० चा ३२० करावा लागतो. व्याजानं गिळलेले ते ४० परत मिळाले. एखाद्या राज्याचा खर्च असा फुकटात पूर्ण फळतो तो मुंबईनं दर हलवला नाही म्हणून. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर मात्र गव्हर्नरचा फोटो नसतो.

आणि म्हणूनच खूण बोथट होते. गॅरंटी सुरू झाल्या २०२३ मध्ये. रेपो दर फेब्रुवारी २०२३ पासून साडेसहावर बसला तो फेब्रुवारी २०२५ पर्यंत तसूभर हलला नाही. या दोन वर्षांत निपाणीचा बाजार चढला असो वा पडला असो, व्याजाकडे बघून काही कळायचा मार्ग नव्हता. ते हलतच नव्हतं. मग काय बघायचं? पैसा आला कुठून आणि गेला कुठे, एवढंच उरतं.

आला कुठून हे आधी. आयएसला घोषणा कळत नाही, तिला निव्वळ खर्च कळतो. कर्नाटकात गॅरंटींवर वर्षाला पन्नास हजार कोटींच्या वर जातात. महाराष्ट्रानं २०२५-२६ ला लाडक्या बहिणींसाठी ३६ हजार कोटी ठेवले. हा पैसा कर्ज काढून आणला तर आयएस उजवीकडे. पण तो दुसऱ्या कामाचा मोडून आणला तर? पाटीवर करून बघा. सरकारनं रस्त्याचे २० कोटी काढले आणि बायकांच्या खात्यात २० कोटी टाकले. रस्त्याचे २० सरळ मालाच्या आणि मजुरीच्या खरेदीत जात होते. खात्यातल्या २० पैकी, आपल्याच गृहीतकानं, १५ खर्च होतात. पाच कोटी खरेदी घटली. चौपट धरून आयएस २० नं डावीकडे. मूळच्या ३०० कोटी पैशावर नवी गाठ: उत्पन्न १४९०, व्याज सव्वासात. पैसे वाटले आणि उत्पन्न घटलं!

न्यायानं सांगायचं तर गरीब बाई ७५ पैशांवर थांबत नाही. तिच्याकडे उरत नाही, म्हणून ती पुरता रुपया खर्च करते. तसं झालं तर रेषा जागेवर राहते, ना डावीकडे ना उजवीकडे. फरक एवढाच की खड्डा रस्त्यातून उचलून दुसरीकडे ठेवला. वाटप न्याय्य असेल, त्याच्यावर वेगळं बोलू. पण बाजार वाढवल्याचा दावा करायचा असेल तर पैसा कुठून मोडून आणला ते सांगा. आणि यात दोन्ही राज्यं सख्खी भावंडं आहेत. कर्नाटकात अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेचा निधी गॅरंटीकडे वळवल्यावरून रान उठलं. महाराष्ट्रात सामाजिक न्याय आणि आदिवासी विकासाचा निधी बहिणींकडे वळल्यावर खुद्द खात्याच्या मंत्र्यांनीच तक्रार केली. सीमाप्रश्नावर एकमत व्हायला एवढी सामायिक भूमी पुरेशी नाही, हे नवल.

करांचंही तसंच. कर वाढला की आयएस डावीकडे. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं पेट्रोल-डिझेलवरचा विक्रीकर वाढवून लिटरला तीन-साडेतीन रुपये ग्राहकाच्या खिशातून काढले. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकच्या बसचं तिकीट १५ टक्क्यांनी वाढलं. त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या एसटीचं १४.९५ टक्क्यांनी. कर्नाटकात बाईला शून्याचं तिकीट, महाराष्ट्रात अर्ध्याचं, आणि दोन्हीकडे शेजारच्या सीटवर बसलेल्या नवऱ्याला वाढीव. घराचा खिसा एकच असतो ही गोष्ट दोन्ही परिवहन खात्यांच्या ध्यानात आली नसेल असं नाही.

आता गेला कुठे. आणि इथं मी रायबाग तालुक्यातल्या एका आजींना नमस्कार करतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांची बातमी सगळीकडे झळकली होती. गृहलक्ष्मीचे हप्ते त्यांनी साठवले आणि गावाला होळगीचं, म्हणजे आपल्या पुरणपोळीचं, जेवण घातलं. पुढाऱ्यांना ती कृतज्ञता दिसली. मला त्यात आयएसचा पूर्ण धडा दिसला. जेवढे महिने आजींनी पैसे साठवले, तेवढे महिने रेषा जागची हलली नाही, कारण खात्यात पडून राहिलेले दोन हजार कुणाचंच उत्पन्न नसतात. पंगत बसली त्या दिवशी ती हलली. आणि पुरणपोळीला लागतं काय? चण्याची डाळ, गूळ, गहू. गूळ आणि धान्य याच मुलखाचं. चुलीपुढे बसणाऱ्या बायकाही इथल्याच. पैसा फिरला तर तो तालुक्यातच फिरला.

सगळ्याच आजी पंगत घालत नाहीत. बहुतेक दोन हजार तेल, साबण, मोबाइलचा रिचार्ज, पोराची फी यांत जातात. तेलाचा डबा कुठून येतो, रिचार्जचे पैसे कुठे जातात? समजा निपाणीत खर्च झालेल्या रुपयातले तीसच पैसे निपाणीतल्या कुणाचं उत्पन्न म्हणून राहतात आणि बाकीचे गावाबाहेर निघतात. दोन हजारांतले सहाशे राहिले. ते पुन्हा सगळे खर्च झाले, त्यातले एकशेऐंशी राहिले. मग चौपन्न. अशी बेरीज करत गेलात तर गावाच्या उत्पन्नात साधारण साडेआठशेची भर. आमच्या पाटीवरचं चौपट कुठे आणि हे अर्ध्याहूनही कमी कुठे! देश जेवढा मोठा तेवढी गळती कमी, गाव जेवढं लहान तेवढी जास्त. आणि गाव सीमेवर असेल तर गळतीला दोन दारं. निपाणीची बाई मोठ्या खरेदीला कोल्हापूर गाठते. कोल्हापूरचा गाडीवाला टाकी भरायला कोगनोळीच्या अलीकडे येतो, कारण करवाढीनंतरही कर्नाटकात पेट्रोल स्वस्त. एमएच ०९ च्या गाड्या केए २३ च्या पंपावर रांगेत. बेंगळुरूनं दिलेल्या पैशानं महाराष्ट्राची आयएस हलते आणि मुंबईनं दिलेल्या पैशानं कर्नाटकची, आणि दोन्ही विधानसभा मात्र एकमेकांच्या इंच इंच जमिनीवर बोलत असतात.

महाराष्ट्रानं तर २०२३ मध्ये सरळच सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली. कर्नाटकचं सरकार खवळलं. दुसऱ्याच्या हद्दीत सैन्य घातल्यासारखा गलका झाला. शेजाऱ्याचं सरकार आपल्या लोकांच्या दवाखान्याचं बिल भरतंय म्हणजे आपली आयएस त्याच्या खर्चानं उजवीकडे सरकतेय. असा हल्ला वारंवार व्हावा अशी कुठल्याही अर्थमंत्र्यानं देवाजवळ प्रार्थना केली असती.

राहिली एलएम. ती हलली की कसं दिसतं तेही पाहून घेऊ, कारण ती एकदाची हलली. ७ फेब्रुवारी २०२५ ला रेपो साडेसहावरून सव्वासहा. एप्रिलमध्ये सहा. ६ जूनला थेट साडेपाच, आणि सोबत बँकांनी राखून ठेवायच्या रोखीचं प्रमाण चारवरून तीन टक्क्यांवर आणायची घोषणा, चार हप्त्यांत, अडीच लाख कोटी मोकळे करणारी. डिसेंबरात सव्वापाच. ही पुस्तकातली चोख एलएम: आडवी रेषा खाली उतरली, आता आयएस जिथं तिला भेटेल ती जागा आणखी उजवीकडे.

भेटेल, पण केव्हा? मोठ्या बँकेकडून लहान उद्योगाचं किंवा घराचं बदलत्या दराचं कर्ज घेतलं असेल तर ऑक्टोबर २०१९ पासून ते बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेलं आहे. मुंबईत दर उतरला की तीन महिन्यांच्या आत हप्ता किंवा मुदत उतरते. पण आपला भाग मोठ्या बँकेवर चालत नाही. तो चालतो पतसंस्थेवर, आणि कर्नाटकच्या १९९७ च्या कायद्यातून निघालेल्या सौहार्द सहकारीवर. गल्लीत एक सौहार्द, चौकात दोन. तिला रेपोची दोरी बांधलेली नाही. ठेवीदाराला तिनं आधीच चढं व्याज कबूल केलेलं असतं, ते मुदत संपेपर्यंत उतरत नाही, म्हणून कर्जाचंही उतरत नाही. त्याच्याही खाली मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता. वसुलीच्या जाचानं एवढा कहर झाला की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकाला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. मिंट स्ट्रीटवर सव्वा टक्का उतरला तो उद्यमबागेतल्या भट्टीपर्यंत पोचला असेल. बिडी वळणाऱ्या बाईच्या हप्त्यापर्यंत तो पोचायची वाट अजून लांब आहे. एकाच गावात दोन व्याजदर असतील तर एलएम कुठली काढायची, याचं उत्तर हिक्सच्या खेळण्यात नाही.

बिडीवरून आठवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ वर. कर उतरला म्हणजे आयएस उजवीकडे, आणि तीही निपाणीची खास. बाकी देशात आरोग्यवाले कपाळाला हात लावून बसले. निपाणीत दोन्ही रेषा एकदम अनुकूल, एक दिल्लीच्या हातानं आणि एक मुंबईच्या. आता उत्पन्न वाढलंच तर दोघांतल्या कुणामुळे, ते ठरवायला व्याज बघावं लागेल, आणि व्याज सौहार्दच्या वहीत अडकलेलं.

आणि एवढी सगळी अनुकूल हलवाहलव करून ठेवली तरी आपण आपल्या हातानं काय करतो, त्याची तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. ७ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं पाच वर्षांनी पहिल्यांदा दर उतरवला, माणसांनी खरेदी करावी, धंद्यात पैसा घालावा म्हणून. २१ तारखेला बेळगावजवळ बसच्या तिकिटावरून वाहक आणि प्रवाशांत कन्नड-मराठीची जुंपली, हाणामारी झाली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनी कर्नाटकात जाणाऱ्या एसटी थांबवल्या, तिकडच्याही गाड्या सीमेवर अडकल्या. २२ मार्चला कन्नड संघटनांनी कर्नाटक बंद पुकारला. मुंबईहून एलएम पाव टक्क्यानं खाली येत होती, आणि बेळगावच्या बसस्टँडवर गिऱ्हाईक घेऊन येणारी गाडीच लागत नव्हती.